नाकारलेल्या नेमणुकीचे पत्र

चाकण, रांजणगाव आणि पिंपरीच्या कारखान्यांना अभियंते मिळवून देणाऱ्या पुण्यातील एका कचेरीत, जिला या व्यवसायात सर्वजण नुसते 'कन्सल्टन्सी' म्हणतात, माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली. आणि त्या वर्षांत होकाराच्या पत्रांपेक्षा नकाराची पत्रे मी अधिक लक्षपूर्वक वाचीत आले. होकाराच्या पत्रात रुजू होण्याच्या तारखेखेरीज पाहण्याजोगे फारसे काही नसते. नकाराचे पत्र मात्र दोनदा वाचावे लागते: एकदा, पुढच्या तासाभरात कोणाकोणाला फोन करावयाचा हे ठरविण्यासाठी, आणि दुसऱ्यांदा, ते आपल्या दप्तरात कोणत्या शब्दांनी नोंदवून ठेवावयाचे हे ठरविण्यासाठी. उमेदवार पत्र लिहितो तेव्हा त्याच्या मनात बहुधा संकोच असतो, आपण कोणाला तरी दुखावतो आहोत अशी बोच असते, आणि त्या भरात तो आभाराची चार वाक्ये अधिक लिहितो. परंतु वाचणाऱ्याच्या पुढे त्या घटकेला एक रिकामी जागा असते, ती भरण्याची मुदत असते, आणि आभाराच्या वाक्यांचा त्या दोहोंशी काही संबंध नसतो.

नकाराने आमचे नेमके काय अडते, हे उमेदवारांना सहसा ठाऊक नसते आणि ते असण्याचे कारणही नाही. कन्सल्टन्सीचा मेहनताना उमेदवाराच्या वार्षिक वेतनाच्या टक्केवारीवर ठरतो, ८.३३ टक्के हा दर पुष्कळ ठिकाणी रूढ आहे, कारण तो बरोबर एका महिन्याच्या पगाराइतका होतो. पण हे बिल उमेदवाराने ऑफर स्वीकारली म्हणून निघत नाही, तो प्रत्यक्ष रुजू झाल्यावर निघते. आणि रुजू झालेला माणूस पहिल्या तीन महिन्यांत सोडून गेला, तर दुसरा उमेदवार विनामूल्य द्यावा, असे कलमही करारात पुष्कळदा असते. तेव्हा नकार आला की आमच्या खात्यावर शून्य पडते, हे खरे. तथापि त्याचा राग सहसा कोणी धरीत नाही, कारण तो या धंद्याच्या हिशेबात धरलेलाच असतो. अडते ते वेळेचे. एका जागेसाठी चार-पाच उमेदवारांच्या अखेरच्या मुलाखती होतात, पहिल्याला ऑफर जाते, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला मुद्दामच काही कळविले जात नाही. 'अजून निर्णय व्हायचा आहे' असे सांगून त्याला थांबवून धरलेले असते. हा दुसरा माणूस अन्यत्रही मुलाखती देत असतो. पहिल्याने ऑफर उघडून ठेवून पाच दिवस मौन पाळले आणि मुदतीच्या अखेरच्या संध्याकाळी नकार कळविला, तर दुसरा तोवर कोठेतरी शब्द देऊन मोकळा झालेला असतो; मग पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखती, आणि निवडलेल्याचा तीन महिन्यांचा नोटीस पिरियड. कारखान्यातील एखादे टेबल अर्धे वर्ष रिकामे राहते ते असे.

म्हणून सौजन्याच्या गोष्टी बोलावयाच्या तर पत्राच्या भाषेआधी पत्राच्या दिवसाविषयी बोलले पाहिजे. सोमवारी आलेली ऑफर बुधवारी सकाळी, चार साध्या वाक्यांत नाकारणारा उमेदवार माझ्या लेखी विनयशील. शुक्रवारी रात्री सुंदर, लांबलचक पत्र लिहिणारा तितका नव्हे.

येथे एक प्रकरण जरा सविस्तर सांगते. त्यातील पत्र इतके नेटके होते की आमच्या कचेरीत नव्याने आलेल्या मुलांना मी ते, नावे खोडून, वाचावयास देत असे.

नाशिकच्या सातपूर वसाहतीत नोकरीस असलेल्या एक अभियंता होत्या. पुरवठादारांकडून येणाऱ्या सुट्या भागांची गुणवत्ता तपासणे, दोष आढळला तर पुरवठादाराच्या कारखान्यात जाऊन त्याचे मूळ शोधणे, हे त्यांचे काम; त्याला उद्योगात 'सप्लायर क्वालिटी' म्हणतात. सोळा वर्षांचा अनुभव, आणि बोलणे मोजके. चाकणच्या एका मोठ्या कारखान्याला याच कामासाठी माणूस हवा होता. मुलाखती उत्तम झाल्या. विभागप्रमुखांनी त्याच संध्याकाळी मला फोन करून 'याच बाई पाहिजेत' असे सांगितले. घर नाशिकला, मुलगी त्या वर्षी दहावीत; त्यामुळे त्या सोमवार ते शुक्रवार चाकणला राहणार, शुक्रवारी रात्रीच्या गाडीने घरी परतणार, अशी तजवीज त्यांनी घरच्यांशी बोलून केली होती, आणि हे त्यांनी पहिल्याच फोनवर मला स्पष्ट सांगितले होते. मुलाखतीतही, शनिवार सुटीचे असतात, असे त्यांना सांगण्यात आले होते. तेवढ्यावर त्यांनी गणित बसविले होते.

सोमवारी दुपारी कंपनीच्या पोर्टलवरून ऑफर गेली. वेतन अपेक्षेपेक्षा किंचित अधिकच होते. पण नेमणुकीच्या अटींच्या तिसऱ्या पानावर आठवड्याचे सहा दिवस कामाचे असल्याचे लिहिले होते. त्यांनी मला विचारले, मी कंपनीला विचारले, आणि मंगळवारी संध्याकाळी उत्तर आले की सुटीचे शनिवार हे मुख्य कचेरीतील लोकांना लागू, कारखान्याशी निगडित पदांना नव्हे. मुलाखत घेणाऱ्याचा समज चुकीचा होता. चूक कंपनीची होती, यात शंका नाही. अशा वेळी उमेदवार एकतर चिडून लिहितो किंवा कारण गिळून 'काही वैयक्तिक अडचणींमुळे' असे लिहितो. त्यांनी दोन्ही केले नाही. बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास त्यांचा फोन आला, बोलणे पाच मिनिटांचे झाले, आणि अर्ध्या तासात पत्र आले. ते इंग्रजीत होते. त्याचा आशय मराठीत साधारण असा:

'नमस्कार. सकाळी फोनवर बोलल्याप्रमाणे, सप्लायर क्वालिटी विभागातील पदाची ऑफर मी स्वीकारू शकत नाही, हे या पत्राने कळवीत आहे. पोर्टलवरही आज दुपारी तशी नोंद करीन. तत्पूर्वी आपण विभागप्रमुखांशी बोलून घ्यावे, म्हणून थांबले आहे.

कारण एवढेच की पदाला आठवड्याचे सहा दिवस आवश्यक आहेत, आणि माझे कुटुंब नाशिकला असल्याने या शैक्षणिक वर्षात मला दर आठवड्यास दोन दिवस घरी असणे भाग आहे. वेतनाविषयी किंवा कामाच्या स्वरूपाविषयी माझी काही हरकत नाही. किंबहुना काम मला आवडले होते. प्रमुखांनी मुलाखतीत ओतीव भागांच्या दोषांविषयी जी चर्चा केली, तीतून मला काही नवे कळले, हे त्यांना अवश्य सांगावे.

माझी मुलगी मार्चमध्ये दहावीची परीक्षा देईल. एप्रिलनंतर चाकण किंवा पुणे येथे पूर्ण आठवडा राहणे मला शक्य होईल. नाशिक, सिन्नर किंवा इगतपुरी परिसरातील पद असल्यास आजही विचार करीन. माझा वैयक्तिक ईमेल आणि फोन खाली दिला आहे. आपण या प्रकरणी घेतलेल्या श्रमांबद्दल आभारी आहे.'

एवढेच पत्र. विषयाच्या ओळीत त्यांनी काही नवे लिहिले नव्हते. ज्या ईमेलमधून मी ऑफरची बातमी दिली होती, त्यालाच उत्तर दिले होते. हे क्षुल्लक वाटेल, पण त्यामुळे पदाचे नाव, कंपनीचा संदर्भ क्रमांक, वेतनाविषयी झालेला पत्रव्यवहार, सारे एका धाग्यात राहिले. नव्या विषयाने आलेली पत्रे पुढे कधी शोधू जाता एकटी पडलेली सापडतात, आणि ती कोणत्या जागेविषयी होती हे आठवत नाही.

आता त्या पत्रातील पहिल्या परिच्छेदाकडे पाहा. हल्ली बहुतेक मोठ्या कंपन्यांची ऑफर संगणकाच्या पोर्टलवर येते, आणि तेथे स्वीकार व नकार अशी दोन बटणे असतात. नकाराचे बटण दाबताक्षणी सूचना कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला जाते, विभागप्रमुखाला जाते, कधी त्याच्या वरिष्ठालाही जाते. आणि मध्यस्थ असलेल्या आम्हा मंडळींना ही वार्ता विभागप्रमुखाच्या संतप्त फोनवरून कळते. ज्या माणसाने आपली बाजू तिकडे मांडावयाची, तोच अंधारात असतो. या बाईंनी बटण दाबण्यापूर्वी मला दोन-तीन तास दिले. तेवढ्यात मी प्रमुखांना फोन केला, दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराची स्थिती विचारली, आणि प्रमुखांच्या पडद्यावर नकाराची सूचना आली तेव्हा त्यांच्यापुढे वाईट बातमीसोबत पुढची वाटही होती. ऑफरची मुदत नुसती टळू देणे हा मात्र सर्वांत वाईट मार्ग; त्यात पोर्टल 'उत्तर नाही' अशी नोंद करते, आणि उत्तर न देणारा माणूस म्हणून नावापुढे लागलेली ती नोंद कारणासहित दिलेल्या कोणत्याही नकारापेक्षा अधिक काळ बाधते.

पत्राचा खरा जीव दुसऱ्या परिच्छेदात आहे, म्हणजे कारणात. नकाराचे कारण हे उमेदवाराला खुलाशासारखे वाटते, आपण आपली सफाई देतो आहोत असे वाटते. पण भरतीच्या दप्तरात ते एक नोंद होऊन बसते. आमच्या संगणकप्रणालीत प्रत्येक नकारापुढे कारण निवडावे लागे: वेतन, ठिकाण, जुन्या कंपनीने वाढवून दिलेला पगार, दुसरी ऑफर, कामाचे स्वरूप, आणि शेवटी 'इतर'. ज्याने 'वैयक्तिक कारणास्तव' असे लिहिले, तो 'इतर' मध्ये जातो, आणि 'इतर' मध्ये गेलेल्या माणसाला पुढे कोणत्या जागेसाठी विचारावे हे कोणालाच उमगत नाही. कारण जी अडचण काय होती हे माहीत नाही, ती दूर झाली की नाही हे कसे कळावे? ज्याने वेतन हे कारण दिले, त्याच्याकडे पुढील वेळी अधिक पगाराची जागा आल्याखेरीज कोणी वळत नाही. ज्याने ठिकाण हे कारण दिले, तो त्या गावाची जागा निघताच शोधात आपोआप वर येतो. म्हणजे पुढे कोणते दार उघडेल हे पुष्कळसे आज दिलेल्या कारणावर अवलंबून असते; आणि म्हणूनच कारण खरे असणे ही नीतीइतकीच व्यवहाराचीही बाब आहे.

खोट्या कारणांत वेतनाचे कारण सर्वाधिक वापरले जाते, कारण ते कोणालाही न दुखावणारे वाटते. त्यातला धोका असा की कंपनी कधीकधी ते खरे मानते. एका उमेदवाराला वस्तुतः आपला भावी वरिष्ठ आवडला नव्हता. संकोचाने त्याने 'वेतन थोडे कमी पडते' असे लिहिले. विभागप्रमुखाने वरिष्ठांकडे जाऊन, शब्द टाकून, खास मंजुरी मिळवून दीड लाख रुपये वाढविले, आणि उमेदवाराने पुन्हा नकार दिला. पहिला नकार सहज पचला असता; दुसऱ्याने प्रमुख आपल्या वरिष्ठांपुढे तोंडघशी पडला. या कथेतला उमेदवार कुशल होता, पण त्याचे नाव मी त्या कंपनीकडे पुन्हा पाठवू शकले नाही. वरिष्ठ आवडला नसेल तर ते लिहू नये, हे तर उघडच. मग 'या पदाच्या कामाची दिशा आणि मला पुढे जावयाची दिशा वेगळी वाटते' एवढे खरे आणि पुरेसे असते. दुसरीकडची ऑफर घेतली असेल तर तसे म्हणावे, मात्र कंपनीचे नाव सांगण्याचे बंधन नाही. आम्ही ते विचारतो खरे, आणि फार गोड आवाजात विचारतो. त्यामागे बाजारात कोण किती देतो हे जाणण्याची इच्छा असते, आणि (आता निवृत्त झाल्यावर सांगावयास हरकत नाही) तुम्ही जेथे निघालात तेथे आणखी जागा असतील काय, हा हिशेबही असतो.

नाशिकच्या बाईंच्या कारणात आणखी एक गुण होता. सहा दिवसांच्या आठवड्याविषयी कंपनीने त्यांना आधी वेगळे सांगितले होते, आणि त्याविषयी पत्रात अवाक्षरही नाही. फोनवर त्या मला त्याविषयी बोलल्या, स्पष्ट बोलल्या; पत्रात मात्र 'पदाला सहा दिवस आवश्यक आहेत' एवढे तथ्य आले, 'तुम्ही मला फसविले' हा आरोप आला नाही. लेखी पत्र पुढे पाठविले जाते, हे त्यांनी ओळखले असावे. विभागप्रमुख पहिल्यांदा वैतागले होतेच. "मॅडम, मुलगी दहावीत आहे हे त्यांना आधी नव्हतं का माहीत?" असे त्यांनी मला विचारले. मी उत्तर देण्याऐवजी पत्र तसेच्या तसे त्यांच्याकडे पाठविले. त्यांनी ते वाचले, सहा दिवसांची ओळ वाचली, आणि थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला की दुसऱ्या उमेदवाराशी बोलण्यापूर्वी शनिवारचे त्याला स्वच्छ सांगा. आरोप असता तर त्यांनी स्वतःचा बचाव केला असता. तथ्य होते म्हणून दुरुस्ती केली. दुसरा उमेदवार पिंपरीतच राहणारा निघाला, शनिवारची त्याला पर्वा नव्हती, आणि तो अद्याप मोकळा होता कारण तो दिवस बुधवारचाच होता.

तिसऱ्या परिच्छेदाकडे मी नव्या मुलांचे लक्ष विशेष वेधीत असे. 'भविष्यात योग्य संधी असल्यास माझा अवश्य विचार व्हावा' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक नकारपत्राच्या शेवटी येते, आणि लग्नपत्रिकेतील 'आहेर आणू नये' या ओळीप्रमाणे ते कोणी वाचीत नाही. यात उमेदवाराचा दोष नाही. वाक्यात धरून ठेवण्याजोगे काही नसते, एवढेच. त्याजागी त्यांनी तीन गोष्टी दिल्या होत्या: केव्हा, कोठे आणि कसे गाठावे. एप्रिलनंतर चाकण-पुणे, आजही नाशिक-सिन्नर-इगतपुरी, आणि वैयक्तिक ईमेल. मी त्याच दिवशी त्यांच्या नावापुढे एप्रिलची आठवण लावून ठेवली; 'योग्य संधी' ची आठवण कोणत्या तारखेला लावावयाची?

वैयक्तिक ईमेलविषयी दोन शब्द. पुष्कळ माणसे नोकरीतील पत्त्यावरून पत्रव्यवहार करतात (ते इतर कारणांनीही अनुचित आहे), आणि नोकरी बदलली की तो पत्ता मृत होतो. हीच गोष्ट आमच्या बाजूनेही खरी, आणि ती उमेदवारांच्या लक्षात येत नाही: भरती करणारी माणसे स्वतःच फार नोकऱ्या बदलतात. उमेदवाराची नोंद कचेरीच्या प्रणालीत राहते, पण ओळख माणसाबरोबर निघून जाते. म्हणून पत्रातील शब्दच असे असावेत की ज्याने तुम्हांला पाहिले नाही अशा नव्या कर्मचाऱ्याने 'सप्लायर क्वालिटी' आणि 'नाशिक' एवढे दोन शब्द शोधले तरी तुमचे पत्र वर यावे. आणि ज्या व्यक्तीशी संबंध टिकवावयाचा तिच्याशी लिंक्डइनवर जोडून राहावे, कारण ती कचेरी बदलते तेव्हा तेवढाच पत्ता तिच्यासोबत जातो.

कन्सल्टन्सीमार्फत आलेल्या ऑफरमध्ये आणखी एक पेच असतो, तो सांगितलाच पाहिजे. आम्ही एखाद्याचे नाव एखाद्या कंपनीकडे पाठविले की ते ठराविक मुदतीपर्यंत, सहसा सहा महिने ते एक वर्ष, त्या कंपनीपुरते आमच्या खात्यावर राहते; त्या अवधीत उमेदवाराने परस्पर अर्ज केला किंवा दुसऱ्या कन्सल्टन्सीने त्याचे नाव पाठविले, तर मेहनताना कोणाचा यावरून वाद होतो, आणि वाद नको म्हणून कंपनी कित्येकदा तो अर्जच बाजूला ठेवते. कंपनीशी दार उघडे ठेवावयाचे आणि मध्यस्थाशीही, तर पुढचा अर्ज करण्यापूर्वी 'माझे नाव अद्याप आपल्याकडून नोंदलेले आहे काय' हे विचारणे शहाणपणाचे. नाकारलेल्या जागेनंतर चार महिन्यांनी त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर दुसरा अर्ज करून, उत्तर का येत नाही म्हणून खिन्न झालेली माणसे मला ठाऊक आहेत. त्यांना कोणी काळ्या यादीत घातलेले नव्हते.

काळ्या यादीची भीती मात्र सार्वत्रिक आहे, म्हणून तिचे खरे स्वरूप सांगते. ऑफर स्वीकारण्यापूर्वी दिलेल्या नकाराने कोणाचे नाव काळे झालेले मी पाहिले नाही. स्वीकारून, मूळ नोकरीचा राजीनामा देऊन, तीन महिन्यांच्या नोटीस पिरियडमध्ये दुसरी अधिक पगाराची ऑफर मिळाल्यावर रुजू होण्याच्या आठ दिवस आधी नकार देणाऱ्यांविषयी कंपन्यांत कडवटपणा राहतो; आणि रुजू होण्याच्या दिवशी सकाळी फोन बंद करून बसणाऱ्यांची नोंद त्या त्या कंपनीच्या आणि त्या त्या कन्सल्टन्सीच्या दप्तरात स्पष्ट शब्दांत होते. सर्व कंपन्यांना मिळून एकच यादी असते, हा समज तेवढा निराधार. परंतु चाकणच्या कारखान्यांतील भरती करणारी माणसे एकाच पंचक्रोशीत नोकऱ्या बदलीत राहतात, आणि आठवण यादीवाचूनही प्रवास करते. स्वीकारल्यानंतर नकार द्यावयाची वेळ आलीच, तर पत्रात पुढील संधीचा उल्लेख करू नये असे माझे मत आहे. त्या दिवशी ते वाक्य वाचणाऱ्याला टोचते. क्षमा मागावी, रुजू होण्याची तारीख अमुक होती आणि आपण येणार नाही हे निःसंदिग्ध लिहावे, आणि दाराचा विषय वर्षभराने, काळ उलटल्यावर काढावा.

नाशिकच्या बाईंनी त्यानंतरच्या एप्रिलमध्ये, मी लावलेल्या आठवणीच्या आधीच, दोन ओळी लिहिल्या: परीक्षा झाली, आता पुण्यास येणे शक्य आहे. माझ्यापाशी तेव्हा त्यांच्याजोगती जागा नव्हती, आणि तसे मी कळविले. त्या वर्षाच्या उत्तरार्धात त्याच चाकणच्या कारखान्यात, त्याच प्रमुखांच्या हाताखाली, एक वरची जागा निघाली. "त्या मागे आल्या नव्हत्या ना?" असे म्हणता म्हणता प्रमुखांनीच जुने पत्र शोधून काढले आणि त्यांना पुन्हा बोलाविले. मुलाखतीच्या दोन फेऱ्या झाल्या, आणि शेवटी कंपनीने ती जागा आपल्याच एका कर्मचाऱ्याला बढती देऊन भरली. बाईंना त्याची वार्ता पोर्टलने पाठविलेल्या, ज्याला उत्तर देता येत नाही अशा ठराविक छापाच्या ईमेलने मिळाली. तीन ओळींचा तो मजकूर होता, आणि त्यात त्यांचे नावही चुकीचे पडले होते.

त्यांनी तो ईमेल मला पाठविला, सोबत काही लिहिले नाही. मी प्रमुखांना कळविले. त्यांनी निदान फोन करून दोन शब्द बोलण्याची सभ्यता दाखविली. बाई नाशिकलाच राहिल्या. पुढे त्यांच्याच कारखान्यात त्यांच्याकडे एका विभागाचे प्रमुखपद आले, हाताखाली माणसे घ्यावयाची वेळ आली, आणि त्या कंपनीच्या भरतीचे काम, जे आमच्या कचेरीला तोवर कधी मिळाले नव्हते, त्यांच्या शिफारशीने आमच्याकडे आले. पहिली जागा सप्लायर क्वालिटीचीच होती. मागणीपत्रात कामाचे दिवस, शनिवारचा नियम आणि पुरवठादारांकडे करावयाचे दौरे हे सारे त्यांनी वेतनाच्याही आधी लिहिले होते, आणि खाली टीप होती की हे उमेदवाराला पहिल्याच फोनवर सांगावे.